दिवस राहिल्यावर चेहऱ्याच्या कोणत्या ट्यूब बंद करायच्या: मुरूम, वांग आणि सुरकुत्यांवरची औषधे

पाळी चुकली, घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या, की बहुतेक जणी खाण्यापिण्याचा विचार आधी करतात. न्हाणीघरातल्या फळीवरच्या ट्यूबकडे लक्ष जायला बरेच आठवडे लागतात. गर्भाचे हृदय, चेहरा, कान, मेंदू यांची घडण मात्र नेमकी याच काळात चालू असते. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात अवयव आकार घेतात. म्हणजे पाळी एक आठवडा चुकली तेव्हा हा काळ सुरू झालेला असतो. म्हणून फळी तपासण्याचे काम पहिल्या सोनोग्राफीपर्यंत ढकलू नका. चाचणी झाली त्याच दिवशी ते करा, आणि मूल हवे असे ठरवले असेल तर त्याच्याही आधी.

घाबरून सगळेच कचऱ्यात टाकायची गरज नसते. टाळायचे घटक मोजकेच आहेत आणि त्यातले बहुतेक दोन घराण्यांत बसतात. अडचण अशी, की ते वेगवेगळ्या नावांनी आणि जोडगोळीने येतात, त्यामुळे ट्यूबवरच्या मोठ्या अक्षरांवरून ते ओळखू येत नाहीत.

पहिली पायरी: ट्यूबची मागची बाजू वाचा

सगळ्या वस्तू टेबलावर मांडा आणि दोन गट करा. ज्या ट्यूबवर उभी लाल रेघ आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापले आहे, ते औषध. तिच्या मागे ‘कंपोझिशन’ या शब्दाखाली प्रत्येक घटक टक्केवारीसह दिलेला असतो. दुसरा गट सौंदर्यप्रसाधनांचा, म्हणजे सीरम, नाइट क्रीम, फेसवॉश. त्यांच्या खोक्यावर ‘इन्ग्रेडियंट्स’ अशी लांब यादी असते आणि टक्केवारी बहुधा नसते. खोके फेकून दिले असेल तर त्या वस्तूचे नेमके नाव टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर यादी शोधा.

औषधाच्या ट्यूबवर ब्रँडच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या चार-पाच ट्यूब बाजारात असतात आणि शेवटचे एखादे अक्षर किंवा ‘प्लस’ एवढ्यानेच आतले औषध बदलते. बहिणीला दिवस असताना डॉक्टरांनी दिलेली ट्यूब आणि तुमच्या हातातली ट्यूब नावाने जुळ्या वाटल्या, तरी एकीत फक्त क्लिंडामायसिन आणि दुसरीत क्लिंडामायसिनसोबत ॲडापलीन असू शकते. गर्भारपणात पहिली चालते, दुसरी नाही.

पहिले घराणे: रेटिनॉइड

विटामिन ए आणि त्यापासून बनवलेल्या औषधांना रेटिनॉइड म्हणतात. मुरूम आणि सुरकुत्या या दोन्हींवर ही औषधे उत्तम काम करतात, म्हणूनच ती इतक्या फळ्यांवर सापडतात. गर्भात अवयव घडताना पेशींना कुठे जायचे आणि काय बनायचे याचे संकेत शरीर विटामिन एच्याच एका रूपातून देत असते. बाहेरून त्या संकेतांची भर पडली तर घडण बिघडते. धोका किती, हे मात्र औषध पोटात जाते की त्वचेवर लागते यावर अवलंबून आहे आणि या दोघांत फार मोठे अंतर आहे.

पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल, ज्या हट्टी, खड्डे पाडणाऱ्या मुरमांसाठी दिल्या जातात, त्यांच्याबाबत कसलीही सवलत नाही. गर्भारपणात त्या घेतल्या गेल्या तर जन्मलेल्या बाळांपैकी साधारण २० ते ३५ टक्क्यांमध्ये कान, चेहरा, हृदय किंवा मेंदूत मोठे व्यंग आढळते. गर्भपाताचे प्रमाणही वाढते. सुरक्षित असा छोटा डोस नाही, ५ मिलीग्रॅमची कॅप्सूलही नको. शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवर दिले जाणारे याच घराण्यातले औषध तर शरीरात इतके रेंगाळते, की त्यानंतर तीन वर्षे थांबावे लागते. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला ते शक्यतो दिलेच जात नाही.

कॅप्सूल चालू असतानाच दिवस राहिल्याचे कळले, तर त्या क्षणी कॅप्सूल थांबवा आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पाकीट सोबत न्या. कोणत्या तारखेला शेवटची कॅप्सूल घेतली, डोस किती होता, शेवटची पाळी कधी आली, हे तिन्ही लिहून न्या. पुढचा सगळा निर्णय या तीन गोष्टींवर ठरतो. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, स्त्रीरोग आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, त्यामुळे अशा वेळी तिथे जाणे सोयीचे पडते.

त्वचेवर लावायच्या रेटिनॉइडची गोष्ट वेगळी. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, टॅझारोटीन ही यातली औषधे. त्यांचा फार थोडा भाग रक्तात उतरतो, ट्रेटिनॉइनचा जेमतेम एक-दोन टक्के. लावणाऱ्या गरोदर बायकांच्या अभ्यासांत व्यंगांचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसलेले नाही. तरीही युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की गर्भारपणात आणि गर्भधारणेचा बेत असताना ती लावू नयेत. हे आम्हाला पटते. मुरूम किंवा सुरकुती यांसाठी नऊ महिने थांबता येते आणि त्यांना पर्याय आहेत. मग लहानसा का होईना, धोका अंगावर कशाला घ्यायचा? टॅझारोटीनच्या बाबतीत तर शंकाच नको, ते पूर्ण बंद.

नकळत पाच-सहा आठवडे ॲडापलीन लावले गेले, म्हणून मात्र कोणी गर्भपाताचा विचार करू नये. ट्यूब बंद करा, डॉक्टरांना सांगा, ठरलेल्या सोनोग्राफी वेळेवर करा. एवढे पुरते.

प्रसाधनांमध्ये हेच घराणे रेटिनॉल, रेटिनाल किंवा रेटिनाल्डिहाइड, रेटिनिल पाल्मिटेट, रेटिनिल ॲसिटेट आणि हायड्रॉक्सिपिनाकोलोन रेटिनोएट या नावांनी येते. सोपी खूण म्हणजे यादीत ‘रेटिन’ किंवा ‘रेटिनो’ ही अक्षरे शोधायची. ‘अँटी-एजिंग’, ‘रिन्यूअल’, ‘नाइट रिपेअर’ अशा शब्दांच्या मागे ती बरेचदा असतात. हातापायांच्या लोशनमध्येही ती सापडतात आणि तिथे जास्त लक्ष हवे, कारण अंगभर लावल्याने त्वचेचे क्षेत्र चेहऱ्याच्या कितीतरी पट होते. ‘वनस्पतीजन्य रेटिनॉल’ म्हणून बाकुचिओल विकले जाते. ते रेटिनॉइड नव्हे, बावचीपासून काढलेला घटक आहे. पण गरोदर बायकांवर त्याचा अभ्यास जवळपास नाही, आणि कच्च्या बावची तेलात त्वचा उन्हाने भाजवणारे सोरालेन असतात. गोव्याच्या उन्हात ते तेल चेहऱ्याला लावू नका.

दुसरे घराणे: हायड्रोक्विनोन आणि त्याची तिहेरी क्रीम

गर्भारपणात गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांग येतो किंवा आधीचा गडद होतो. संप्रेरके रंगपेशींना चेतवतात आणि ऊन त्यात तेल ओतते. त्यावर आपल्याकडे सर्रास लावली जाते ती तिहेरी क्रीम: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, बहुधा मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. डॉक्टर ही क्रीम ठरावीक आठवड्यांसाठी देतात, पण रंग उजळलेला पाहून मैत्रिणी, वहिन्या, पार्लरमधली बाई ती एकमेकींना सांगतात आणि फार्मसीत ती मागून मिळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत घातली, तरी सवय पुरती सुटलेली नाही.

या एका ट्यूबमध्ये तीन कारणे एकत्र येतात. ट्रेटिनॉइनचे वर आलेच. हायड्रोक्विनोनचा दोष असा, की तो त्वचेतून फार आत जातो. लावलेल्यापैकी सुमारे ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषला जातो. बाळाला इजा झाल्याचे ठोस पुरावे नाहीत, पण एवढ्या प्रमाणात रक्तात जाणारे औषध केवळ रंगासाठी लावण्यात शहाणपण नाही. तिसरा घटक स्टेरॉइड. गर्भारपणात सौम्य स्टेरॉइड क्रीम डॉक्टर गरज पडल्यास देतात. जोरदार स्टेरॉइड मात्र एकूण ३०० ग्रॅमपेक्षा जास्त वापरले गेले तेव्हा बाळाचे वजन कमी असण्याशी त्याचा संबंध दिसला आहे. चेहऱ्याला लावलेली १५ ग्रॅमची एक ट्यूब त्या आकड्याच्या आसपासही जात नाही, म्हणून झाल्या वापराची धास्ती घेऊ नका. चेहऱ्याची त्वचा मात्र त्याने पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस उगवतात.

इथे बऱ्याच जणींची फसगत होते. तीन-चार महिने तिहेरी क्रीम लावून ती अचानक बंद केली, की आठवड्याभरात चेहरा लाल होतो, जळजळतो, बारीक पुटकुळ्या येतात, वांग पूर्वीपेक्षा गडद दिसतो. बाईला वाटते की नवीन लावलेले काही सोसले नाही, आणि ती परत जुनी क्रीम लावते. चेहरा दोन दिवसांत शांत होतो, मग क्रीम सुटतच नाही. ही स्टेरॉइड सोडल्याची प्रतिक्रिया आहे. ओळखायची कशी? लाली नेमकी जिथे क्रीम लागत होती तिथेच असते, उन्हात किंवा चुलीजवळ गेल्यावर आग वाढते आणि साधे मॉइश्चरायझरसुद्धा झोंबते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. काही दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन देऊन हळूहळू सोडवता येते आणि हे गर्भारपणातही करता येते. ते कसे आणि किती दिवस, हे त्यांना ठरवू द्या.

हायड्रोक्विनोनचा एक नातलग प्रसाधनांत येतो, तो आर्ब्युटिन आणि अल्फा आर्ब्युटिन. त्वचेवरचे जंतू त्यातली साखर तोडतात आणि थोडा हायड्रोक्विनोन मोकळा होतो. प्रमाण कमी असते. तरी जे टाळायचे ठरवले त्याचाच हा मागचा दरवाजा आहे, म्हणून बाळंतपण होईपर्यंत तोही बाजूला ठेवा.

आणि ज्या क्रीमवर घटकांची यादीच नाही, त्या सगळ्यांत वाईट. आखातातून आलेल्या पाहुण्याने आणलेली, बाजारात खोक्याविना मिळणारी, ‘सात दिवसांत उजळ’ म्हणणारी डबी असेल, तर तिच्यात पारा असू शकतो. पारा वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत जातो आणि आईची मूत्रपिंडे बिघडवतो. केरळात मलप्पुरम भागात २०२३ मध्ये उजळपणाच्या क्रीम लावणाऱ्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळल्याची प्रकरणे समोर आली होती. यादीत कॅलोमेल, मर्क्युरी किंवा मर्क्युरिक असे काही दिसले, किंवा परदेशी डबीवर भारतातल्या आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक नसला, तर ती वापरू नका. घरात दुसऱ्या कोणालाही देऊ नका. पारा हातांवरून, टॉवेलवरून, उशीवरून घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो. अशी डबी नीट बंद करून पिशवीत ठेवा आणि बांबोळीला मुख्यालय असलेल्या गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

गोळ्यांचेही बघा

लावायच्या औषधांवर लक्ष ठेवताना चालू असलेल्या गोळ्या विसरल्या जातात. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन चालू असेल तर थांबवून डॉक्टरांना सांगा. चौथ्या महिन्यापासून पुढे टेट्रासायक्लिन घराण्यातली ही औषधे बाळाच्या दुधाच्या दातांत आणि हाडांत साठू शकतात. पाळीच्या गडबडीसोबत येणाऱ्या मुरमांवर दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन पुरुष संप्रेरकांना अडवते, त्यामुळे मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीची चिंता असते. तीही बंद. वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या २५० मिलीग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा देतात. ते औषध रक्ताच्या गुठळ्या विरघळू देत नाही आणि गर्भारपणात रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेले असते. वांगासाठी एवढी जोखीम नको.

एक फळी तपासून बघू

समजा, फोंड्यातल्या एका तिशीतल्या बाईला पाच आठवडे आणि चार दिवस झाले आहेत. ती रोज स्कूटरने पणजीला नोकरीला जाते. गालांवर वांग, हनुवटीवर मुरूम. तिच्या फळीवर सात वस्तू आहेत.

तीन महिने रात्री लावत असलेली तिहेरी क्रीम: आजपासून बंद. लाली आली तर वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांकडे. क्लिंडामायसिन आणि ॲडापलीनचे जेल: ॲडापलीनमुळे बंद. रेटिनिल पाल्मिटेट असलेले नाइट क्रीम: बंद. अल्फा आर्ब्युटिन दोन टक्के आणि नायसिनामाइडचे सीरम: नायसिनामाइड चालते, पण ते आर्ब्युटिनशी बांधलेले आहे, म्हणून बंद, आणि हवे असल्यास फक्त नायसिनामाइडचे वेगळे सीरम घ्यायचे. दोन टक्के सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉश: चालू ठेवायला हरकत नाही. ते मिनिटभर राहते आणि धुतले जाते. अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना गर्भारपणातल्या मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲझेलेइक ॲसिड आणि ग्लायकॉलिक ॲसिडसोबत सॅलिसिलिक ॲसिडही चालते असे सांगते. हे लहान जागेसाठी आणि कमी ताकदीसाठी आहे. क्लिनिकमधली २०-३० टक्क्यांची सॅलिसिलिक पील किंवा पाठभर लावायचे लोशन यात येत नाही, कारण हा ॲस्पिरिनच्याच कुळातला पदार्थ आहे आणि मोठ्या क्षेत्रावर तो रक्तात बराच जातो. दहा टक्के विटामिन सीचे सीरम चालू. सनस्क्रीन तर चालूच, फक्त त्यातला प्रकार बदलायचा.

सातपैकी चार वस्तू गेल्या. तिला आता मुरूम आणि वांग दोन्हींवर चालेल असे एकच औषध हवे, आणि ते आहे: ॲझेलेइक ॲसिड. हे गहू-बार्लीतही असते, त्वचेतून चारेक टक्केच शोषले जाते आणि जंतू, बंद छिद्रे, डाग यांवर एकदम काम करते. फार्मसीत १० आणि २० टक्क्यांचे मिळते. डॉक्टरांना विचारून १० टक्क्यांपासून सुरू करायचे. तिहेरी क्रीम सोडल्यावर चेहरा लाल असेल तर ती लाली शमेपर्यंत थांबायचे, नाहीतर आग दुप्पट होते.

सुरुवातीला एक दिवसाआड रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर, वाटाण्याएवढे क्रीम पूर्ण चेहऱ्याला. ओल्या चेहऱ्यावर लावले तर जास्त चुणचुणते. पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटे खाज किंवा टोचणी राहते, ती अपेक्षित आहे. साल निघेल एवढी आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, त्यावर ॲझेलेइक ॲसिड. दोन आठवड्यांनी रोज रात्री, त्वचेने सोसले तर दोनदा. मुरूम कमी व्हायला चार ते आठ आठवडे लागतात, वांग फिका व्हायला दोन-चार महिने. तिसऱ्या आठवड्यात काही दिसत नाही म्हणून जुन्या ट्यूबकडे परत जाणे ही नेहमीची चूक आहे.

हनुवटीवर लाल, पूभरला मुरूम आला तर त्या जागेवर अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. त्वचेत त्याचे बेन्झोइक ॲसिड होते आणि ते शरीर लघवीवाटे सहज बाहेर टाकते. पाच-दहा टक्क्यांचे घेतल्याने मुरूम लवकर जात नाही, त्वचा मात्र जास्त सोलते. घेताना पुन्हा मागची बाजू वाचा, कारण ॲडापलीनसोबतची त्याची जोडट्यूब फार विकली जाते. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेवा, रंगीत कापडाचा रंग तो उडवतो.

ऊन, म्हणजे वांगाचे अर्धे औषध

हायड्रोक्विनोन हातातून गेल्यावर वांगाला रोखणारी सगळ्यांत मोठी गोष्ट सनस्क्रीन हीच राहते, आणि गोव्यात ते नीट न लावल्यास बाकी सगळे खर्च वाया जातात. वांग अतिनील किरणांसोबत डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो. साध्या पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनमधून तो उजेड आरपार जातो. त्याला अडवते ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या टिंटेड सनस्क्रीनमधला रंग. म्हणून झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, सोबत आयर्न ऑक्साइड, एसपीएफ ३० किंवा ५० असे टिंटेड सनस्क्रीन घ्या. झिंक आणि टायटॅनियम त्वचेच्या वरच राहतात. ऑक्सिबेन्झोन रक्तात उतरतो हे २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या चाचणीत मोजले गेले आहे, तेव्हा या काळात तो नसलेले निवडणे सोपे आणि बरे.

मात्रा: तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, ती चेहरा आणि मान यांना. बहुतेक जणी याच्या अर्ध्याहून कमी लावतात आणि मग एसपीएफ ५० चा परिणाम खोक्यावर लिहिलेल्याच्या आसपासही येत नाही. घराबाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाहतो, म्हणून बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, आणि सुटीवेळी स्कूटर काढण्याआधी नक्की. हेल्मेटच्या पारदर्शक काचेवर भरवसा ठेवू नका, उजेड त्यातून येतोच. गालांवर रुंद ओढणी घ्या, पण घामाने भिजलेली ओढणी घासत राहिली तर तिनेही डाग पडतात, म्हणून सुती आणि सैल. पावसाळ्यात ढगांमुळे सनस्क्रीन थांबवू नका, यूव्हीए किरणे ढगांतूनही येतात.

पार्लरमध्ये उजळपणाचे फेशियल, पील किंवा लेझर या काळात नको. गर्भारपणातल्या चेतलेल्या रंगपेशींना थोडीशी भाजणी किंवा सोलणीही पुरते आणि वांगाच्या जागी त्याहून गडद डाग उरतो. लग्नसराईत एखादे साधे क्लीन-अप करायचे तर आधी पार्लरवालीला दिवस असल्याचे सांगा आणि ती काय लावते त्या डबीची यादी वाचा. बोटॉक्स आणि फिलरही पुढे ढकला.

अंगावर पाजताना काय बदलते

बाळ जन्मल्यावर अवयवांच्या घडणीचा प्रश्न संपतो. दोनच प्रश्न उरतात: औषध दुधात किती जाते, आणि बाळाच्या त्वचेला किंवा तोंडाला थेट किती लागते. चेहऱ्यावर लावलेल्या औषधांच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण बाळ तासन्‌तास आईच्या गालाला, गळ्याला, छातीला लागून असते.

पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन पाजताना अजिबात नाही. हायड्रोक्विनोन बराच शोषला जातो म्हणून दूध तुटेपर्यंत थांबणेच बरे, आणि तिहेरी क्रीमही त्याबरोबर थांबली. लावायचे ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन दुधात पोहोचण्याइतके शोषले जात नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त चेहऱ्यावर, रात्रीच्या शेवटच्या पाजण्यानंतर ते लावता येते. आमचा कल पहिले काही महिने ॲझेलेइक ॲसिडवरच राहण्याकडे आहे. रात्री चार वेळा उठणाऱ्या आईच्या गालाला बाळाचा गाल लागणारच. छातीवर, स्तनांवर, गळ्याखाली यांतले काहीही लावू नका. स्तनाग्रांना चिरा पडल्या म्हणून घरातली स्टेरॉइड ट्यूब तिथे चोळणे धोक्याचे आहे, ते औषध थेट बाळाच्या पोटात जाते. क्लिंडामायसिनचे जेल चेहऱ्यावर चालते. बाळाला पातळ जुलाब झाले किंवा त्याच्या शीमध्ये रक्त दिसले तर थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्सीसायक्लिनचा एखादा छोटा कोर्स दुसऱ्या आजारासाठी गरजेचा असेल तर डॉक्टर देतात. मुरमांसाठीचा महिनोनमहिन्यांचा कोर्स मात्र नको. ट्यूब लावून झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच बाळाला घ्या.

बऱ्याच जणींचा वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिका पडतो. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत सनस्क्रीन आणि ॲझेलेइक ॲसिडच ठेवून बघा, त्यानंतरही गडद राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांशी पुढचे ठरवा. उत्तर गोव्यात म्हापशाच्या आणि दक्षिणेत मडगावच्या जिल्हा रुग्णालयात जाताना, किंवा कुठल्याही डॉक्टरकडे जाताना, बाळ अंगावर पिते हे आधी सांगा. मुरमांची चिठ्ठी लिहिताना तेवढा प्रश्न नेहमीच विचारला जातो असे नाही.

दूध तुटल्यावर आयसोट्रेटिनॉइन पुन्हा सुरू करायचे असेल, तर पाळी परत आलेली नाही म्हणजे गर्भ राहत नाही असे धरून चालू नका. सुरू करण्यापूर्वी गर्भचाचणी, कोर्सभर आणि संपल्यावर एक महिना खात्रीचे गर्भनिरोधक, असा क्रम आहे. एखाद्या औषधाने या काळात चेहरा किंवा बाळ यांना त्रास झाला असे वाटले, तर केंद्र सरकारच्या औषध दुष्परिणाम नोंदणीच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर ते कळवता येते. फोन करताना ट्यूब हातात ठेवा, म्हणजे औषधाचे नेमके नाव आणि बॅच क्रमांक सांगता येईल.